उतारे वगळून वाचा

"अवतरणचिन्हांतला मजकूर सोडून बाकीचं मोठ्यानं वाचा," बाई म्हणाल्या आणि माझाच लेख त्यांनी माझ्यासमोर सरकवला.

लेख १९१८ च्या इन्फ्लुएंझावर होता. आमच्या घरात त्याला मानमोडी म्हणत. आजीच्या तोंडून तो शब्द लहानपणी इतक्यांदा ऐकला होता, की नोकरीतून मोकळा झाल्यावर पहिलं काय वाचलं असेल तर ते त्या साथीबद्दल. चार महिने वाचलं, दोन वह्या भरल्या आणि एका छोट्या दिवाळी अंकासाठी चौदाशे शब्दांचा लेख पाठवला. बाई त्या अंकाच्या संपादक. आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलेल्या, त्यामुळे बोलवून घेतलं की जावंच लागतं.

मी वाचू लागलो. "सॅनिटरी कमिशनर म्हणतात. तर जनगणनेच्या अहवालात असे म्हटले आहे. याउलट डेव्हिस यांच्या मते. मिल्स लिहितात. मात्र अलीकडच्या एका अभ्यासानुसार. यावरून साथीची भीषणता लक्षात येते."

दुसऱ्या वाक्याला मला हसू आलं. शेवटच्या वाक्याला आलं नाही. घरी येऊन मोजलं, तर चौदाशेपैकी माझे स्वतःचे शब्द दोनशे अकरा निघाले, आणि त्यातले निम्मे 'तर', 'मात्र', 'याउलट', 'त्याचप्रमाणे' या घराण्यातले.

"गोधडी झालीय खरी," मी शरमून म्हटलं.

"गोधडीला कशाला नावं ठेवता? गोधडीत एक धावदोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या थरांतून आरपार गेलेला असतो. म्हणून ती वीस वर्षं टिकते. तुम्ही चिंध्या शेजारी शेजारी अंथरल्यात."

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. पोरांनी नुसतं उत्तर लिहिलं, तर समासात एकच शब्द लिहायचो, 'रीत?' बाईंच्या घरून परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की माझ्या लेखात चार मोठे आकडे होते आणि एकाचीही रीत नव्हती.

तो परिच्छेदच इथे देतो. लपवून काय करायचं?

> १९१९ च्या सरकारी अहवालानुसार भारतात या साथीत साठ लाख लोक मरण पावले. १९२१ च्या जनगणनेच्या अहवालात हा आकडा एक कोटी वीस ते तीस लाख असा दिला आहे. मिल्स यांच्या मते एक कोटी सत्तर ते ऐंशी लाख लोक मरण पावले. तर २०१२ च्या एका अभ्यासानुसार हा आकडा एक कोटी एकोणचाळीस लाख आहे. यावरून साथीची भीषणता लक्षात येते.

यातला प्रत्येक आकडा कुठे ना कुठे छापलेला आहे. तरीही वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडेल तो हा, की साठ लाख की पावणेदोन कोटी? मधे एक कोटीहून जास्त माणसांचं अंतर आहे. आणि लेखक काय म्हणतो, तर भीषणता लक्षात येते. चार घड्याळं चार वेळा दाखवत असताना 'यावरून वेळेचं महत्त्व कळतं' म्हणावं, तसं.

मी असं का केलं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी इतिहासकार नाही. चार जाणत्या माणसांच्या भांडणात आपण कशाला तोंड घाला, म्हणून प्रत्येकाला त्याच्याच शब्दांत बोलू दिलं. नम्रता म्हणून ते मनाला बरं वाटत होतं. पण त्या नम्रतेत चारही जणांचं नीट वाचन न केल्याची सोयही होती, हे पुढे दिसलं.

बाईंनी काम दिलं ते असं. वही आडवी धरायची. वरच्या ओळीत साधनांची नावं, प्रत्येकाला एक उभा रकाना. डाव्या हाताला एकाखाली एक प्रश्न. साधनांतली वाक्यं उतरवायची नाहीत, प्रश्नाचं उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं, चार-पाच शब्दांत. माझे प्रश्न सरळ होते. आकडा किती? काय मोजून काढला? कुठल्या प्रदेशापुरता? स्वतः लेखकाने कशाबद्दल शंका घेतली आहे?

पहिली ओळ दोन मिनिटांत भरली. दुसरी ओळ भरायला आठवडा लागला. 'काय मोजून काढला?' समोरचे रकाने कोरेच राहिले, कारण मी उतारे उतरवताना फक्त आकड्याची वाक्यं उचलली होती. रीत अलीकडच्या-पलीकडच्या पानांवर होती आणि ती पानं मी उलटली होती. कोरा रकाना हे या पद्धतीचं सगळ्यात उपयोगी अंग आहे, असं मला आता वाटतं. उताऱ्यांच्या वहीत काय राहिलं हे कधीच कळत नाही, तिथे प्रत्येक पान भरलेलंच दिसतं.

परत वाचल्यावर जे सापडलं ते सांगतो. सॅनिटरी कमिशनर, म्हणजे सरकारचे आरोग्य आयुक्त, नॉर्मन व्हाइट यांचा साठ लाखांचा अंदाज हा साथ नुकतीच ओसरत असतानाचा, प्राथमिक अहवालातला, आणि तो गावोगाव होणाऱ्या मृत्यूच्या नोंदींवर उभा. त्या नोंदींत इन्फ्लुएंझाला वेगळी जागाच नव्हती. खेड्यात मेलेला माणूस बहुधा 'ताप' या सदरात जायचा. १९२१ च्या जनगणनेच्या अहवालाने आकडा दुप्पट केला, पण त्याचं कारण केवळ नवीन मृत्यू सापडले हे नव्हतं. नोंद करणारी माणसंच आजारी पडली, मेली, कित्येक ठिकाणी नोंदणी बंदच पडली, हे त्या अहवालाने हिशेबात धरलं. लोकसंख्येचे अभ्यासक किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये निराळीच वाट धरली. जनगणनेच्या आधाराने दशकात जितकी वाढ अपेक्षित होती त्या मानाने किती माणसं कमी भरली, ती तूट त्यांनी पाहिली. आणि २०१२ मध्ये सिद्धार्थ चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हावार जनगणना घेऊन डेव्हिस यांची गृहीतकंच तपासली.

म्हणजे चार माणसं एका प्रश्नाची चार उत्तरं देत नव्हती. नोंदलेले मृत्यू, नोंदींची दुरुस्ती, लोकसंख्येतली तूट आणि त्या तुटीच्या हिशेबाची तपासणी, अशी ती एकामागून एक आलेली कामं होती. पुढचा मागच्याशी बोलत होता. मी मात्र त्यांना एका बाकावर आणून बसवलं होतं आणि 'याउलट' म्हणत होतो.

एवढं कळल्यावर लेख पुन्हा लिहिला. अवतरणं काढली, सगळं आपल्या शब्दांत आणलं. एक परिच्छेद व्हाइटना, एक जनगणनेला, एक डेव्हिसना, एक मिल्सना, एक चंद्रांना. मी खूश होतो. बाईंनी वाचला आणि विचारलं, "तुम्ही कधी सत्कार समारंभाचं सूत्रसंचालन केलंय का?"

केलं होतं. शाळेच्या प्रत्येक निरोप समारंभाला.

"मग हे ओळखीचं वाटेल. आता आपल्यासमोर दोन शब्द बोलायला येत आहेत श्रीयुत व्हाइट. धन्यवाद. यानंतर मी विनंती करतो श्रीयुत डेव्हिस यांना. येतात, बोलतात, बसतात. एकाचं बोलणं दुसऱ्यानं ऐकलेलं नसतं."

खरं होतं. अवतरणचिन्हं गेली होती, पण उतारे तसेच होते. हा दोष पहिल्यापेक्षा ओळखायला अवघड, कारण लेख वाचायला नीट लागतो. ओळखायची खूण बाईंनी सांगितली ती मी अजून वापरतो. प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द पाहायचा. ओळीनं माणसांचीच नावं असतील, तर सूत्रसंचालन चाललंय. दुसरी खूण म्हणजे परिच्छेदांची जागा बदलून पाहायची. व्हाइट आणि चंद्र यांची अदलाबदल करूनही लेखाचं काही बिघडत नसेल, तर लेखात युक्तिवाद नाही, यादी आहे.

वही आडवी धरून रकाने भरले, पण लिहिताना मी उभे रकाने वाचत गेलो होतो, एकेक साधन वरपासून खालपर्यंत. लिहायला हव्या होत्या आडव्या ओळी. एक ओळ घ्यायची, म्हणजे एक प्रश्न घ्यायचा, आणि त्या प्रश्नाला जो जो जे जे सांगतो त्याला तेवढ्यापुरतं बोलवायचं. मग एक माणूस लेखात तीनदा येतो, दुसरा एकदाच येतो आणि तिसऱ्याला बोलवायची गरजच पडत नाही. मिल्स यांना आकड्याच्या परिच्छेदात मी अखेर बोलावलंच नाही. त्यांचा १९८६ चा अभ्यास मोलाचा आहे, पण माझा प्रश्न आकडा वर का गेला आणि खाली का आला हा होता. त्याचं उत्तर डेव्हिस आणि चंद्र यांच्यातच मिळत होतं. चार महिने वाचलेलं वगळताना जीव तुटतो, हे कबूल करायला हवं.

तिसऱ्या खेपेला त्या परिच्छेदाचं रूप असं झालं:

> या साथीत भारतात किती माणसे गेली याचे उत्तर शंभर वर्षांत आधी चढत गेले आणि मग काहीसे उतरले. बदलली ती मोजण्याची रीत. व्हाइट यांनी १९१९ साली बांधलेला साठ लाखांचा अंदाज मृत्यूच्या नोंदींवर होता. पण साथीत नोंदणीच कोलमडली होती हे १९२१ च्या जनगणनेच्या अहवालाने मान्य केले आणि आकडा एक कोटी वीस ते तीस लाखांवर नेला. त्यामुळे साठ लाखांकडे आता मृत्यूंचा आकडा म्हणून नव्हे, तर नोंदी किती अपुऱ्या होत्या याचा पुरावा म्हणून पाहावे लागते. नोंदींवर विसंबायचेच नसेल तर लोकसंख्येतली तूट मोजता येते. डेव्हिस यांनी १९५१ मध्ये तेच केले. मात्र तूट किती निघते हे 'एरवी वाढ किती झाली असती' या गृहीतकावर ठरते. सिद्धार्थ चंद्र आणि सहकारी यांनी २०१२ मध्ये नेमके त्यावर बोट ठेवले: त्यांनी अभ्यासलेल्या जिल्ह्यांत डेव्हिस यांच्या गृहीतकांनी एक कोटी बहात्तर लाख मृत्यू निघतात, त्यांच्या रीतीने जास्तीत जास्त एक कोटी एकोणचाळीस लाख. साथ कोटीच्या पुढची होती याबद्दल आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो न झालेल्या वाढीचा दोष किती प्रमाणात तापावर टाकायचा, याचा.

या परिच्छेदात एकही अवतरण नाही. पण 'बदलली ती मोजण्याची रीत', 'त्यामुळे साठ लाखांकडे' आणि 'वाद आहे तो' ही तीन वाक्यं कुठल्याही साधनात नाहीत. ती माझी आहेत आणि चुकली तर माझीच चुकली. पहिल्या खर्ड्यात ज्याची भीती वाटत होती ते हेच.

एक चूक यातही थोडक्यात टळली. चंद्रांचा एक कोटी एकोणचाळीस लाख आणि जनगणनेचा सव्वा कोटी हे आकडे इतके जवळ आहेत, की मी मोठ्या आनंदाने लिहून गेलो होतो, 'म्हणजे १९२१ चा अहवालच अखेर खरा ठरला.' वाक्य झकास होतं. मग वहीतली तिसरी ओळ पाहिली, 'कुठल्या प्रदेशापुरता?' चंद्रांचा आकडा त्यांनी घेतलेल्या जिल्ह्यांपुरता आहे, सबंध हिंदुस्थानचा नाही, आणि तो 'जास्तीत जास्त' आहे. जनगणनेचा अंदाज सगळ्या देशाचा. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. वाक्य खोडलं. साधनं एकमेकांत गुंफताना हा मोह फार होतो. धागे जुळले की बरं वाटतं, म्हणून न जुळणारे धागेही ओढून गाठ मारली जाते. उताऱ्यांच्या ठिगळकामात निदान हा धोका नसतो, कारण तिथे कुणी जुळवायचा प्रयत्नच करत नाही.

आता कोण बोलतंय हे वाचणाऱ्याला कळवायचं कसं, यावर येतो. यात मी सगळ्यात जास्त मार खाल्ला आणि मराठीत हा प्रश्न जरा वेगळाच आहे.

आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'साथीत साठ लाख माणसे मरण पावली असे सॅनिटरी कमिशनरांनी म्हटले आहे' या वाक्यात 'मरण पावली' इथपर्यंत वाचणारा ते सत्य म्हणून घेत येतो. 'असे' आल्यावर त्याला कळतं की हे कुणाचं तरी म्हणणं होतं. लहान वाक्यात चालतं. पण ते म्हणणं तीन ओळींचं असलं, की वाचणारा तीन ओळी फसलेला असतो. उलट, 'डेव्हिस यांच्या मते' असं सुरुवातीला टाकलं तर दार उघडताना कळतं, पण बंद कुठे झालं ते कळत नाही. पुढची दोन वाक्यं डेव्हिस यांची की माझी? माझ्या दुसऱ्या खर्ड्यात 'पाऊसही त्याच वर्षी गेला होता, धान्य महागले होते' असं एक वाक्य डेव्हिस यांच्या मागोमाग आलं होतं. ते मी लिहिलेलं, पण वाचणाऱ्याने ते त्यांच्या खात्यावर घातलं असतं. बाईंनी तिथे समासात लिहिलं, 'हे कोण बोललं?' त्यानंतरच्या पानांवर तीच खूण सात वेळा होती.

बाई म्हणायच्या, मराठीतलं 'असे' म्हणजे संस्कृतातलं 'इति'. ते वाक्य बंद करतं. 'च्या मते' उघडतं. लांब म्हणणं मांडायचं असेल तर दोन्ही लावा. 'डेव्हिस यांचा हिशेब असा, की' म्हणून उघडायचं, आणि संपलं की 'इथवर डेव्हिस', 'या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही', 'याला जोड द्यायला हवी ती दुष्काळाची' असं काहीतरी म्हणून बंद करायचं. हे बंद करणारं वाक्य आपलंच असतं, त्यामुळे तिथे आपला आवाज आपोआप ऐकू येतो. मला हे फार आवडलं. गणितात कंस उघडला की मिटवावा लागतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

जुन्या शास्त्रग्रंथांत ही शिस्त कडक असायची. आधी पूर्वपक्ष पुरता मांडायचा, मग 'असं म्हणाल, तर नाही' म्हणून सिद्धान्ताकडे वळायचं. आणि टीकाकार 'इति केचित्', म्हणजे 'असे काही जण म्हणतात', असं लिहितो तेव्हा त्याला ते मत रुचलेलं नाही हे पाठशाळेतल्या पोरालाही कळायचं. नुसत्या 'केचित्'मध्ये नापसंती भरलेली.

आपल्या क्रियापदांतही ती भरलेली असते, पण आपण सगळीकडे 'म्हणतात' लावून ती वाया घालवतो. मी एका संध्याकाळी लेखातली सगळी 'म्हणतात' खोडली आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, हा माणूस इथे नक्की काय करतोय? व्हाइट यांच्याकडे नोंदी होत्या, तिथे 'नोंदवतात'. त्यांनी एकूण आकडा काढला तिथे 'अंदाज बांधतात'. जनगणनेचा अहवाल स्वतःच्याच सरकारच्या नोंदी बिघडल्याचं सांगतो, तिथे 'मान्य करतो', कारण आपल्या गैरसोयीची गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दाला जास्त वजन असतं आणि ते वजन वाचणाऱ्यापर्यंत पोचायला हवं. डेव्हिस वाढीचा दर ठरवतात तिथे 'धरून चालतात'. चंद्र 'तपासतात'. आणि 'दाखवून देतात' हे क्रियापद मी एका ठिकाणी लिहून काढून टाकलं. 'दाखवून देतात' म्हटलं की ते सिद्ध झालं, मी त्याला सही दिली, असा अर्थ होतो. उलटं टोक 'दावा करतात'. वर्तमानपत्रांनी ते इतकं वापरलंय, की त्यात माणूस खोटं बोलतोय असाच वास येतो. मला कुणावर संशय घ्यायचा नव्हता, म्हणून ते एकदाही वापरलं नाही.

'बहुतेक अभ्यासकांच्या मते' या शब्दांनी मात्र मला चांगलंच गोत्यात आणलं. दोन कोटींच्या आसपासचा आकडा मला पाच लेखांत मिळाला होता, म्हणून मी 'बहुतेक' लिहिलं. बाईंनी विचारलं, या पाचांना तो कुठून मिळाला? शोधत गेलो. दोघांनी सांगितलंच नव्हतं. तिघं एकमेकांकडून घेत घेत शेवटी डेव्हिस यांच्यापाशी पोचत होते. पाच साक्षीदार समजत होतो, त्यांतले तीन तरी एकाच माणसाचे शेजारी निघाले. वर्गात पाच पोरांचं एकच चुकीचं उत्तर आलं तर पाचांनी स्वतंत्र चूक केली असं मी कधी मानलं नव्हतं. पहिल्या बाकाकडे पाहायचो.

मग अवतरणं ठेवायची की नाहीत? मी अखेर दोन ठेवली. इथेही मराठीत लिहिणाऱ्याला एक गोष्ट पाळावी लागते. माझी सगळी साधनं इंग्रजीत होती. अवतरणचिन्हांत मी जे घालत होतो ते त्या माणसाचे शब्द नव्हतेच, माझं भाषांतर होतं. 'त्यांच्याच शब्दांत' म्हणून मी जी नम्रता मिरवत होतो ती मुळात खोटी होती. म्हणून शब्दांतच काही मुद्दा असेल, तरच अवतरण.

मुंबई महापालिकेचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी लिहिलं, की साथ रात्रीच्या चोरासारखी आली. मी आधी 'चोरपावलांनी आली' असं केलं होतं, कानाला गोड. पण ती मूळ उपमा बायबलमधली आहे. तिथे रात्रीच्या चोरासारखा येतो तो प्रभूचा दिवस, न्यायाचा दिवस. चोरपावलांनी तर मांजरही येतं. ज्या शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले, तिथल्या अधिकाऱ्याने कुठली उपमा उचलली याला अर्थ आहे. म्हणून 'रात्रीच्या चोरासारखी' ठेवलं, अवतरणात, आणि ती उपमा कुठली ते एका वाक्यात सांगितलं. अवतरण दिलं की त्याबद्दल काहीतरी बोलावं लागतं. बोलण्यासारखं काही नसेल, तर ते अवतरण ठेवायचं कारण नाही.

दुसरं अवतरण दोन शब्दांचं आहे. मुंबईत हजारी किती माणसं गेली याचा समाजवार तक्ता आहे. युरोपीय लोकांत ८.३. आणि तक्ता ज्यांना 'हलक्या जातीचे' हिंदू म्हणतो त्यांच्यात ६१.६. इथे अवतरणचिन्हं पुराव्यासाठी नाहीत. तो शब्द माझा नाही, तक्त्याचा आहे, एवढं सांगण्यासाठी आहेत. आकडा मी घेतो, नाव ठेवणं घेत नाही. दोन्ही आकडे एकाच शहरातले, एकाच वर्षातले. यापुढे मी लेखात मुंबईतल्या चाळी, पाणी, दाटी यांबद्दल लिहिलं, आणि ते माझ्या नावावर लिहिलं. तक्ता फक्त किती ते सांगतो. का, ते सांगत नाही. 'या तक्त्यावरून सिद्ध होते' असं लिहिलं असतं तर मी माझं म्हणणं तक्त्याच्या तोंडी घातलं असतं.

लेख छापायला जाण्याआधी बाईंचा फोन आला. शेवटच्या पानावर मी आजीबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. 'आजीच्या माहेरी आठ दिवसांत तीन माणसं गेली म्हणे.'

"बाकी सगळीकडे क्रियापदं तोलून वापरलीत," त्या म्हणाल्या. "कमिशनर नोंदवतात, अहवाल मान्य करतो. आणि आजीला 'म्हणे'? तिच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

विश्वास होता. पण आजी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला त्यातलं काही आठवत असणं शक्य नव्हतं, आणि आठवतं असं ती कधी म्हणालीही नाही.

"मग कुणी पाहिलेलं आहे ते?"

तिच्या आईने.

फोनवर थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग बाईंनी मला वाक्य सांगायला लावलं आणि त्या लिहून घेऊ लागल्या. अंकात ते तसंच छापलं आहे: 'आजीच्या माहेरी आठ दिवसांत तीन माणसे गेली असे तिची आई सांगायची, असे आजी सांगायची.'